टिनावरची मेघना

नमस्कार, मी मेघना. नवतपात अख्खं नागपूर कूलरसमोर बसलेलं असतं, तेव्हा मी कोणाच्या तरी टिनावर चढलेली असते. आई म्हणते, एवढं शिकून हेच करायचं होतं काय!

करते काय, तर छताचा ताप मोजते आणि उतरवते. हिंगणा, बुटीबोरीकडच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर काम मंदावतं आणि मालक म्हणतात, माणसं आळशी आहेत. मी मालकांनाच टिनाखाली उभं करते आणि हातात थर्मामीटर देते. बाहेर ४५ अंश असतं, तेव्हा उन्हातला टिन ६० च्या वर गेलेला असतो. म्हणजे डोक्यावर तापलेला तवा घेऊन पाळी करायची. पंखा लावला, तर तो तीच गरम हवा फिरवतो.

म्हणून मी मशीन विकत नाही. आधी छताला ऊन परतवणारा पांढरा लेप. मग वर साचलेली गरम हवा बाहेर काढायला वाऱ्यावर फिरणारे पंखे. बरेचदा नुसत्या लेपावर भागतं, आणि तसं मी सांगूनही टाकते. माझ्या सीएला हे अजिबात आवडत नाही.

तुमच्या ओळखीत कोणाचं टिनाचं गोदाम, कारखाना, शाळा असेल तर गाठ घालून द्या. मोजायचे पैसे घेत नाही. फक्त सकाळी दहाला चहाला बोलावू नका, भर दुपारी दोनला बोलवा.