उचल

सोमवारी रात्री एनर्जी ड्रिंकची एकच बाटली घेतली. लाल, २५० मिलीची, वीस रुपयांची. गेटसमोरचा टपरीवाला त्या बाटल्या बर्फाच्या डब्यात उभ्या लावून ठेवतो आणि रात्रपाळीची पोरं दिसली की न मागता एकेक काढून देतो. चव म्हणाल तर खोकल्याच्या औषधात सोडा ओतल्यासारखी. पण साडेबाराला घेतली की तीनपर्यंत माणूस ताठ राहतो.

मंगळवारी तीनलाच पेंगायला लागलो. मग दुसरी बाटली, आणि सादिकने दिलेली अर्धी गोळी.

आमची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. कागदावर आठच तास, वरचे चार ओटी. वाळूजमधल्या असंख्य शेडांसारखंच आमचं शेड. दोन ओळी सीएनसी मशीन, कूलंटचा वास, आणि भिंतीवर सुरक्षिततेचं एक पोस्टर, ज्यातल्या माणसाचं डोकं कुणीतरी पेनाने काळं केलंय. मी ठेकेदाराचा माणूस. मार्च एंडचा माल जायचा होता. सोमवार ते शनिवार सहा रात्री आणि वर रविवारी दिवसाची डबल मारली तर १,५०० रुपये जास्तीचे, असं सुपरवायझर साहेब बोलले होते. सहापैकी एक जरी खाडा झाला तर काही नाही.

मला ते पैसे हवे होते. अण्णा आणि आई तिकडे कोल्हापूरकडे उसात होते. दसऱ्याला मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल घेतलेली, एक लाख. यंदा अण्णांची कंबर महिनाभर धरली होती, तेवढा ऊस कमी तुटला. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटलं नाही तर चाळीसेक हजार अंगावर फिरतील, असा मुकादमाचा निरोप होता. म्हणजे पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच्याच गाडीत बसायचं. आमच्या घरात उचल माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे.

गोळीचं सांगायचं राहिलं. सादिक अंबडकडचा, माझ्या शेजारच्या मशीनवर. गोळ्या तो पंढरपूरच्या चौकातून आणायचा. आमचं पंढरपूर म्हणजे वाळूजचं, विठोबाचं नव्हे. तिथला एक मेडिकलवाला चिठ्ठीबिठ्ठी विचारत नाही. पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो, त्यामुळे नाव एका तुकड्यावर राहतं आणि तारीख दुसऱ्यावर. आपल्या हातात येतो तो नुसता चंदेरी चौकोन. मी विचारलं, "कशाची आहे रे?"

"झोप न येण्याची," सादिक म्हणाला. "ट्रकवाले घेतात. तुला नाव घेऊन काय करायचंय गड्या, सोयरीक जमवायचीय का?"

गोळीने फरक पडला, हे खोटं कशाला बोलू. मंगळवारच्या पाळीत मी ३५२ जॉब काढले. टार्गेट ३४० चं. डोकं असं लख्ख की समोरच्या मशीनचा स्पिंडल कुठल्या घासावर आवाज बदलतो तेही कळत होतं. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

मजा सकाळी कळली. रांजणगावला माझी पत्र्याची खोली, नवाला आडवा झालो. डोळे मिटलेले, आत बल्ब चालू. अकराला पत्रा तापला. खाली गिरणी सुरू झाली, मग बोअरची मोटार, मग मालकिणीचं पाण्यावरून भांडण, आणि या सगळ्यावर माझं स्वतःचं काळीज, उशीतून ऐकू येणारं. जबडा आपोआप आवळला जायचा. बोटाने सोडवावा लागत होता. चारला कसातरी डोळा लागला, सहाला गजर.

बुधवारी म्हणून तीन बाटल्या आणि दीड गोळी. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. दिवसा झोप झाली नाही म्हणून रात्री गोळी, आणि गोळी घेतली म्हणून दिवसा झोप नाही. हिशेब सरळ होता.

गुरुवारची रात्र मात्र नीट सांगितली पाहिजे.

आमच्याकडे बेअरिंगची बाहेरची रिंग चालू होती. बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर, वर-खाली दोन शतांश. दर पाचवा जॉब मायक्रोमीटरने मोजायचा आणि दर तासाला एक माप शीटवर लिहायचं. साधं काम. पण मायक्रोमीटरची मूठ शेवटी दोन बोटांत हलके फिरवावी लागते, टिक-टिक आवाज येईस्तोवर, आणि त्या रात्री माझी बोटं थरथरत होती. एकच रिंग तीनदा मोजली, तीन मापं आली. मी मधलं लिहिलं.

पुढचं मला आठवत नाही. म्हणजे झोपलो नव्हतो. सादिक शपथेवर सांगतो की मी उभा होतो, दार उघडत होतो, जॉब काढत होतो, नवा लावत होतो, बटन दाबत होतो. एकदा त्याने तंबाखू विचारली तर मी "हौ" म्हणालो आणि दिली नाही.

सकाळी क्वालिटीच्या मॅडम शीट घेऊन आल्या. "रामेश्वर, हे काय लिहिलंय?"

तीन ते पाचच्या मधली पानं. तासाला एक माप पाहिजे, तिथे ओळीखाली ओळ भरलेली. ४२.०१, ४२.००, ४२.०१, ४२.००. अक्षर माझंच. सुरुवातीला नीट, मग खाली खाली उतरत गेलेलं, बैल चर सोडून जातो तसं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे इन्सर्ट बदलला का ते लिहायचं असतं, तिथे मी लिहिलं होतं: मोळी १, मोळी २, मोळी ३. एकोणीसपर्यंत.

लहान असताना उसाच्या फडात माझं ते काम होतं. मला कोयता देत नव्हते. अण्णा आणि आई मोळ्या बांधायचे आणि मी बांधाला बसून मोजायचो. रात्री गाडी आली की पुन्हा मोजायचो, भरताना. तेव्हाही झोप यायची. मोजता मोजता चुकलो की आई ओरडायची नाही, मागच्या आकड्यापासून परत म्हणायची.

मॅडमना हे काय सांगणार? "चुकून लिहिलं," म्हणालो. त्या दोन तासांचा माल वेगळा काढला. सत्तावीस रिंगा बाद. पैसे कापायचे का ते साहेब बघणार होते.

घरी जाताना नगर रोड ओलांडून रांजणगावला कसा आलो हेही आठवेना. गाडी खोलीसमोर स्टँडवर लावलेली, चावी माझ्या हातात, आणि मधला रस्ता गायब. ट्रकांचा रस्ता आहे तो. मी पायरीवर बसलो. छातीत एक ठोका चुकायचा आणि पुढचा दुप्पट जोराने पडायचा.

बजाजनगरच्या डॉक्टरांनी दोनशे रुपये घेतले आणि मनगट धरलं. घड्याळाकडे बघत म्हणाले, "एकशे अठरा. बसल्या जागी. काय काय घेतोस?"

सांगितलं. ते बोटांवर मोजत गेले. "बाटलीत साधारण पाऊणशे मिलिग्रॅम कॅफिन. तिच्यावरच छापलंय, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. वाचलंस?"

"इंग्रजीत आहे, साहेब. बारीक."

"वर चहा किती?"

"चार-पाच."

"पहाटे तीनला घेतलेलं कॅफिन सकाळी नवाला निम्मं अंगातच असतं. आणि ही गोळी," त्यांनी चंदेरी चौकोन उजेडात धरला, "नुसत्या कॅफिनची असेल नाहीतर मोडाफिनिल. ती असली तर बारा-पंधरा तासांनीही निम्मी शिल्लक. ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. तू झोप घालवत नाहीयेस, पुढे ढकलतोयस. वर व्याज."

डॉक्टर शहरातले, त्यांना मुकादम माहीत नसावा. पण हिशेब त्यांनी त्याच्यासारखाच मांडला.

खिडकीला ओली चादर बांध, म्हणाले. चहा रात्री बाराच्या आत. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं पड, वीसच. गोळी बंद, बाटल्या कमी करत आण. छातीत पुन्हा असं झालं किंवा चक्कर आली तर थेट घाटी दवाखान्यात जा, ईसीजी काढ. मी सगळ्याला मान डोलावली. शुक्रवारी रात्री दोनला एक बाटली आणि अर्धी गोळी घेतली. सहापैकी चार रात्री झाल्या होत्या, आता काय खाडा करायचा?

शनिवारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. अण्णा. इतक्या रात्री म्हटल्यावर पोटात गोळा आला.

"जागा हायेस का?"

"हौ. काय झालं?"

"काय नाय. गाडी भरायलोत. डायव्हर चहा प्यायला गेला म्हणून म्हटलं लावावा. पट्टा पडायलाय परवा."

मागे आईचा आवाज येत होता, कुणाला तरी दोर ओढ म्हणत होती. ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं, इकडे माझं मशीन. दोघांनाही मोठ्याने बोलावं लागत होतं.

"अण्णा, तुम्हाला झोप येत नाय का असं रात्री?"

"येती की. न यायला काय झालं?"

"मग?"

"मग काय. गाडी गेली की पाचटावर पडायचं. तुझी माय तर दोर हातात धरूनच झोपती. ऊन तोंडावर आलं तरी जाग येत नाय." ते हसले. "तू दिवसा झोपतोस ना?"

"हौ," म्हणालो.

फोन ठेवला. वरच्या खिशात चौकोन होता, पायाशी बाटली, बर्फाचं पाणी सुटलेली. दार उघडलं, रिंग काढली, मोजली. ४२.०१. पुन्हा मोजली. ४२.०४. नवा जॉब लावला नाही.

"सादिक, वीस मिनिटं."

"काय वीस मिनिटं?"

"पडतो. माझ्या मशीनकडे बघ. साहेब आले तर संडासला गेलाय म्हण."

"वीस मिनिटं संडासला?" पण त्याने मोबाईल काढून गजर लावला. मग आपल्या मशीनखालचे दोन पुठ्ठे ओढून माझ्याकडे सरकवले.

पॅलेटच्या मागे ते अंथरले. खाली फरशीतून सगळ्या मशीनची थरथर पाठीला लागत होती. काळीज तसंच, एक चुकवून एक. जबडा आवळलेला. झोप येणार नाही हे कळत होतं, म्हणून नुसतं मोजायला लागलो. मोळी एक. मोळी दोन. सहावर चुकलो, पाचापासून परत घेतलं.

सतरापर्यंत मोजल्याचं आठवतं.