कथालेखन : उरलेला स्क्रू (नमुना उत्तर)

प्र. ५ (आ) पुढील मुद्द्यांच्या आधारे कथा लिहा. कथेला योग्य शीर्षक द्या आणि शेवटी तात्पर्य लिहा.

मुद्दे : घड्याळे दुरुस्त करणारे काका – शिकाऊ मुलगा – शाळेचे लंबकाचे घड्याळ – जोडल्यावर एक स्क्रू उरणे – खिशात टाकणे – परीक्षेचा दिवस – घड्याळ मागे पडणे – बहिणीचा पेपर अपुरा – कबुली – तात्पर्य.

उत्तर :

उरलेला स्क्रू

दिनूकाकांच्या दुकानात भिंतभर घड्याळे होती आणि प्रत्येकाची टिकटिक वेगळी. रघू शाळा सुटली की तिथे काम शिकायला येई. सुरुवातीचे काही महिने काकांनी त्याला फक्त काचा पुसायला लावल्या. मग चाके रॉकेलमध्ये धुवायला दिली. आणि एके दिवशी शाळेच्या सभागृहातले लंबकाचे जुने घड्याळ पुढ्यात ठेवून ते म्हणाले, “हे आता तू जोड. उघडताना मी होतोच. मी जरा बाहेर जाऊन येतो.”

रघूला आभाळ ठेंगणे झाले. एकेक चाक बसवत, तेलाचा थेंब सोडत त्याने दोन तासांत घड्याळ उभे केले. किल्ली दिली, लंबकाला हलकासा धक्का दिला. टिक... टिक... घड्याळ चालू लागले! तेवढ्यात त्याचे लक्ष बशीकडे गेले. बशीत एक स्क्रू उरला होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

हा कुठला? रघूने पुन्हा पुन्हा डोकावून पाहिले. सगळे उघडायचे म्हणजे आणखी दोन तास. शिवाय काका काय म्हणतील? घड्याळ तर चालते आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणत त्याने तो स्क्रू खिशात टाकला. काका परत आले, टिकटिक ऐकून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने खरे तर रघूला आनंद व्हायला हवा होता.

पंधरा दिवस काही घडले नाही. स्क्रू मात्र कंपासपेटीत खडखडत राहिला. टाकून द्यायचा धीर होईना, दाखवायचाही होईना.

वार्षिक परीक्षा सुरू झाली. पहिल्याच दिवशी रघूची धाकटी बहीण सुमी रडवेली होऊन घरी आली. “सभागृहातल्या घड्याळात अजून वीस मिनिटं होती, दादा! मी निवांत लिहीत होते. आणि बाईंनी येऊन पेपर घेतलासुद्धा. निबंध राहिला माझा.” पुढच्या बाकांवरच्या आणखी काही मुलांचेही तसेच झाले होते. सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास ठेवला होता.

त्या रात्री रघूला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक घड्याळ घेऊन दुकानात आले. “काका, तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं,” एवढेच बोलून ते गेले. काकांनी मान खाली घातली. त्यांनी रघूचे नावही घेतले नव्हते. हेच रघूला सहन झाले नाही. काकांनी घड्याळ उघडायच्या आधीच त्याने तो स्क्रू त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“त्या दिवशी उरला होता. मी लपवला.” त्याचा आवाज कापत होता.

काकांनी भिंग डोळ्याला लावले. लंबक ज्या पट्टीला टांगलेला होता, ती दोन स्क्रूंवर बसायची. एकच असल्यामुळे ती हळूहळू सैल होऊन डुगडुगू लागली होती, म्हणून घड्याळ मागे पडत होते. त्यांनी पट्टी सरळ केली, स्क्रू पिळला आणि हातातल्या घड्याळाकडे पाहिले.

“किती वेळ लागला?”

“पाच मिनिटं,” रघू पुटपुटला.

“त्या दिवशीही एवढाच लागला असता. हा कुठला, एवढंच मला विचारायचं होतंस. स्क्रू तर माझ्याही हातून उरतात रे.”

काका त्याला रागावले नाहीत. घड्याळ मात्र त्यांनी त्याच्याच हातात दिले. “शाळेत तू नेऊन दे. आणि काय झालं तेही तूच सांग.”

रघूने सगळे सांगितले. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवले. रघूने स्टुलावर चढून घड्याळ टांगले, लंबक सोडला. आता सुमीला सांगायचे बाकी होते. ते त्याला सर्वांत अवघड वाटत होते. तरी तो थेट घराकडे निघाला.

तात्पर्य : चूक लहान असतानाच कबूल करावी, लपवलेली चूक वाढत जाते आणि तिची झळ आपल्याच माणसांना लागते.