लोणार विवरावरच्या व्याख्यानाचं टिपण: दावे, पुरावे आणि वक्त्यांनी स्वतः सांगितलेल्या मर्यादा

शाळांच्या सहलींना लोणार दाखवणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांसाठी

रेकॉर्डिंग ५८ मिनिटांचं आहे. वक्त्या भूशास्त्रज्ञ आहेत. मी ते दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. कंसातले आकडे मिनिटांचे आहेत, म्हणजे शंका आली तर थेट त्या जागी जाऊन ऐकता येईल. जिथे माझं मत आहे तिथे तसं म्हटलं आहे.

विवर झालं कसं

मुख्य दावा (४): लोणार ज्वालामुखीचं मुख नाही. बाहेरून आलेला अशनी दख्खनच्या बेसॉल्टवर आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर झालं. बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, विवर त्यामानाने कालपरवाचं.

पुरावा त्यांनी सावकाश उलगडला आहे, आणि व्याख्यानाचा हाच भाग सगळ्यात सकस आहे (९ ते २३). विवराच्या तळात भोकं पाडून खडकाचे नमुने काढले गेले आणि १९७३ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाला प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, स्फटिकाचा बाह्य आकार मात्र तसाच राहतो. त्यासाठी हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब लागतो. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा क्षणिक दाब नसतो. चौदाव्या मिनिटाला वक्त्या वाटाण्याएवढा काळा काचेचा मणी चिमटीत धरून कॅमेऱ्यासमोर आणतात. खडक वितळून उडाला आणि हवेतच गोठला, तो हा. मुलांना सांगताना इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. आपण एरवी थेट मंदिरांपासून सुरू करतो.

कबूल केलेली मर्यादा (२४): मूळ अशनीचा तुकडा आजवर हाती आलेला नाही. एवढ्या वेगाने आदळलेला दगड बहुतांश वितळतो, वाफ होतो, हे कारण त्यांनी दिलं. पण तो किती मोठा होता, किती वेगाने आला, हे गणिताने काढलेले अंदाज आहेत, असंही त्यांनी बजावून सांगितलं.

वय: इथे आपण चुकत आलो

आपण सगळे ‘बावन्न हजार वर्षं’ म्हणतो. मीही गेली कित्येक वर्षं तेच सांगत आलो. हा आकडा काचेच्या ऊष्मादीप्ती मापनातून आला, म्हणजे काच तापवली की तिच्यात काळानुसार साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, ती मोजून. वक्त्यांचा कल दुसरीकडे आहे (३१): खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणारा आर्गॉन वायू मोजणाऱ्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने काढलेलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं वय ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे-तिकडे. म्हणजे दहापटीहून जास्त फरक.

त्यांचं म्हणणं असं की ऊष्मादीप्तीत ठराविक काळानंतर साठा भरतो किंवा गळतो, त्यामुळे वय कमी दिसू शकतं. पण स्वतःच्या बाजूची अडचणही त्यांनी झाकली नाही (३६). साडेसहा कोटी वर्षांच्या जुन्या खडकातला आर्गॉन काचेत राहून गेला असेल तर वय उगाच जास्त येतं. वितळलेला बेसॉल्ट पातळ असल्याने हा आर्गॉन बहुतेक निसटला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. तपासलेले नमुने मात्र मोजकेच. ‘असावा’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, म्हणून मीही तो गाळलेला नाही.

अंबर तळं, दिशा आणि गुलाबी पाणी

जवळचं अंबर तळं त्याच अशनीच्या तुकड्याने झालं असं आपण ठामपणे सांगतो. तिथे धक्क्याचा खात्रीशीर पुरावा मिळालेला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं (४३). अशनी पूर्वेकडून तिरका आला, हे मत त्यांनी मांडलं ते बाहेर फेकलेल्या राडारोड्याच्या पसरणीवरून; पण शतकानुशतकं चाललेली शेती आणि पावसाने झालेली झीज यांमुळे ती पसरण आता मूळची राहिलेली नाही, हेही त्यांनी मान्य केलं.

जून २०२० च्या गुलाबी पाण्याबद्दल त्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या निष्कर्षावर विसंबल्या: पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारं पाणी आवडणारे हॅलोआर्किया हे गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव वाढले. हा आपला विषय नाही, एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या.

आपल्या सांगण्यात काय बदलायचं

‘अशनीने झालेलं विवर’ हे बिनधास्त सांगा. वयाबद्दल दोन्ही आकडे सांगा, आणि दोन आकडे का येतात हेही. मुलं कंटाळतील अशी भीती नको. मागच्या सहलीत एका सहावीतल्या मुलीने हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी तिला बावन्न हजार सांगून पुढे नेलं. अंबर तळ्यापाशी ‘असं काही जण मानतात’ एवढंच म्हणा. धारेजवळच्या आपल्या हाताने रंगवलेल्या फलकावरचा आकडा मी येत्या रविवारी पुसून नवा लिहितो आहे. पांढरा रंग आणि दोन ब्रश कुणाकडे असतील तर घेऊन या.