नासाडी धरून भाव

परभणीत माझा भाजीचा हातगाडा आहे. पहाटे लिलावातून माल उचलायचा, सकाळी कॉलन्यांमधून फिरायचं, संध्याकाळी बाजारात बसायचं. भाव लावायची रीत आमच्या ओळीत सगळ्यांची एकच, खरेदीवर पाच रुपये चढवायचे. टमाट्याचं पंचवीस किलोचं कॅरेट पाचशेला पडलं की वीस रुपये किलो झालं, मग विकायचं पंचवीसनं. तोंडी हिशेबात सव्वाशे सुटायचे. रात्री गल्ल्यात मात्र ते कधी दिसायचे नाहीत.

शेजारी बागवान चाचा कांदे-बटाटे घेऊन बसतात. ते एकदा म्हणाले, "ताई, भाव पंचवीस किलोचा लावती, पैसे किती किलोचे येतात?"

त्या रात्री टाकायचा माल शेळ्यांना घालायच्या आधी काट्यावर ठेवला. दबलेले, फुटलेले, कॅरेटच्या तळाला पाणी सुटलेले टमाटे भरले तीन किलो. म्हणजे शंभरात बारा. विकला गेला बावीस किलो, त्याचे साडेपाचशे आले. ऑटोभाडं आणि हमालीचे चाळीस वजा केले तर दिवसभराचे सुटले दहा रुपये! चाचांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणून तर मी बटाटा विकतो."

मग रोज वजन करून भाजीवार लिहायला लागले. बटाट्याचं काही जात नाही, मेथी-पालकाचं विचारू नका. मे महिन्यात कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकलं तरी शंभरातल्या तीस जुड्या दुपारपर्यंत माना टाकतात. शंभर जुड्या चारशेच्या. चार रुपयांवर तीस टक्के चढवले की पाच रुपये वीस पैसे, झाली भरपाई, असं कुणालाही वाटेल. पोरगी बारावी कॉमर्सला आहे. तिनं वही ओढली. "आई, विकायच्या सत्तरच ना? सत्तर गुणिले पाच-वीस, तीनशे चौसष्ट. छत्तीस घरातनं गेले. चारशेला सत्तरनं भाग." आले पाच रुपये एक्काहत्तर पैसे. अजून यात भाडं नाही, नफा नाही. उन्हाळ्यात मी जुडी आठला विकते ती यामुळं. थंडीत नासाडी दहावर येते, तेव्हा भावही उतरवते. बारा महिने एकच टक्का धरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाड्यावर जातं.

संध्याकाळी निम्म्या भावात काढलेला माल मी पुरता वाया धरत नाही, निम्मा धरते. आणि दोन किलो वांग्यांवर हक्कानं मागितलेली फुकटची कोथिंबीर? ती नासाडीतच लिहिते. पोरगी म्हणते, तिचा रकाना वेगळा पाहिजे.

लिलावात आता बोली लावायच्या आधी कॅरेटच्या तळाशी हात घालून बघते. व्यापारी कुरकुरतात, "वरचा माल दिसत नाही का, मावशी?" तळ ओला लागला की मी किलोमागं दोन रुपये कमीच बोलते. दिलं तर घ्यायचं, नाही तर पुढचं कॅरेट.