सोमवारचा पेरू

शनिवारी आज्जी पाचलाच उठायची. उचगावहून पहिली बस पकडून उजाडताना बेळगावात पोचलं, तरच बाजारात बसायला नीट जागा मिळायची. म्हणून पेरू अंधारातच काढावे लागायचे.

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून रेणूही मागं लागली. परसात चार झाडं. पानांवरचं दव मानेवर पडलं की अंगावर काटा यायचा. रेणूनं बॅटरी लावली तशी आज्जी म्हणाली, "बंद कर गे ते. पिवळ्या उजेडात सगळेच पेरू पिवळे दिसतात."

"मग कळणार कसं?"

"नाक कशाला दिलंय देवानं?"

रेणूनं हाताला लागला तो पेरू तोडला, हुंगला आणि आज्जीला दिला. आज्जीनं तो नाकाशी नेऊन लगेच बाजूला ठेवला. "कच्चा हाय. कुठनं हुंगलीस?"

"देठाकडनं."

"देठाला पानाचा वास. तो झाडाचा. फळाचा वास खाली, जिथं फूल होतं तिथं." तिनं रेणूचं बोट धरून त्या टोकावर ठेवलं. वाळलेल्या फुलाचा खरखरीत मुकुट बोटाला लागला. "आणि गार फळ बोलत न्हाई. आधी मुठीत धर. दाबू नको, नुसतं धर."

रेणूनं दुसरा पेरू दोन्ही तळव्यांत धरला. थंडगार होता. मनात वीस आकडे मोजून तिनं तो नाकाशी नेला. आता वास आला, पण ओळखीचा: सकाळी गोठ्यात टाकतात त्या ओल्या गवतासारखा.

"गवत!"

"मग तो राहू दे. तोडायच्या आधी हुंगायचं. फांदीच खाली वाकव."

तिसऱ्याला गवताच्या मागं काहीतरी गोड होतं, दाराआडून कुणी डोकावावं तसं. चौथा मात्र मुठीत धरायच्या आधीच कळला. जिभेच्या मागं पाणी सुटलं.

पाचवा मोठा होता आणि खूप गोड वासाचा. रेणूनं अभिमानानं पुढं केला. आज्जीनं हुंगला, मग परत तिच्याच नाकाशी धरला. "गोडाच्या खाली काय हाय बघ."

रेणूनं डोळे मिटले. गोडाच्या खाली आंबूस काहीतरी होतं, इडलीचं पीठ जास्त फुगल्यावर येतं तसं.

"आत अळी. पावसाळ्यातल्या पेरवांत लई असतात, थंडीत कमी. पण एक घावतोच." तो पेरू म्हशीच्या वाट्याला गेला.

दहा-बारा पेरू झाल्यावर रेणूला सगळेच सारखे वाटू लागले. तिला रडू आलं. आज्जीनं आपला पदर तिच्या नाकाला लावला. चुलीच्या धुराचा, शेणीचा, आज्जीचा वास. "नाक दमतं गे. त्याला थोडं दुसरं काय तर द्यायचं, मग परत चालतं." आणि खरंच, पुढचा पेरू पुन्हा वेगळा कळला.

तरी रेणूनं दिलेला प्रत्येक पेरू आज्जी स्वतः हुंगूनच बुट्टीत ठेवत होती. तळाला पाला, त्यावर गवत-गोड वासाचे, आणि सगळ्यात वर भरल्या वासाचे. ते मऊ, ओझ्यानं फुटतात.

बाजारात ऊन चढलं तशी बुट्टी नुसती घमघमू लागली. येणारी-जाणारी माणसं वळून बघत. एक म्हातारी कानडी बाई समोर येऊन उकिडवी बसली.

"हण्णाग्यावेन?" पिकलेत का, असं तिनं विचारलं.

"वासनी नोडरी," आज्जी म्हणाली. कानडीतही वासनी म्हणजे वासच, हे रेणूला आजच कळलं.

बाईंनी आजच्यासाठी दोन घेतले. मग म्हणाल्या, सोमवारी उपास हाय, त्या दिवशी खायला एक द्या, आज पिकलेला नको.

आज्जी सुट्टे पैसे मोजत होती. तिनं बुट्टी रेणूकडं सरकवली.

रेणूनं वरचे पेरू हळूच बाजूला केले. एक घेतला, मुठीत धरला. गोड पुढं, गवत मागं. हा उद्याचा. दुसरा गवतच गवत, गोड नावाला, हा मंगळवारलाही कच्चाच राहील. स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन तिनं तिसरा उचलला. गवत होतं, पण त्याच्या आडून ते दारातलं कुणीतरी डोकावत होतं. तिनं पुन्हा हुंगला. पुन्हा तेच.

तिनं तो आज्जीपुढं धरला आणि ती नाकाशी कधी नेते याची वाट बघत राहिली.

आज्जीनं पेरू घेतला आणि तसाच बाईंच्या पिशवीत ठेवला.