तात्यांच्या रक्षाविसर्जनाचं भाषण : ताईने तपासलेला मसुदा

बाळ्या, रात्री दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. तुझं लिहिलेलं सव्वानऊ मिनिटं चाललं. उद्या सकाळी नदीवर लोक उभे असणार, नैवेद्य ठेवलेला असणार आणि निम्म्यांचं लक्ष कावळ्याकडे. तुझ्याआधी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि मामांचे एक मित्र बोलणार आहेत, म्हणजे 'दोनच शब्द' म्हणत प्रत्येकी पाच मिनिटं गेली. तुला चार मिनिटं. 'क्रूर काळाने घाला घातला', 'अजातशत्रू व्यक्तिमत्त्व' आणि 'न भरून निघणारी पोकळी' हे तिन्ही काढलं, ते आधीचे तिघं म्हणणारच आहेत. शिवाय अजातशत्रू कसले? बांधावरून शेजारच्यांशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि तेही उद्या तिथे उभे असतील. कंसातले शेरे माझे आहेत. गडबडीत वाचून दाखवू नकोस.

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी तात्यांचा थोरला नातू.

तात्या एस.टी.त कंडक्टर होते. १९६६ साली कराड आगारात लागले आणि २००० साली रिटायर झाले. चौतीस वर्षं. घरी आल्यावरही त्यांची ड्युटी सुटत नसे. मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं गावी जमलो की सोप्याच्या पायऱ्यांची गाडी व्हायची. जुन्या कॅलेंडरच्या चौकोनांची तिकिटं. तात्या एकेकासमोर येऊन विचारणार, 'कुठं?' मग चौकोनाला नखाने भोक पाडून हातात देणार. तिकीट हरवलं की खाली उतरवायचे. खरोखर उतरवायचे. माझी धाकटी बहीण रडायला लागली तेव्हा आजी आतून म्हणाली, 'अहो, लहान आहे ती.' तात्या म्हणाले, 'मग हाफ काढ.'

(इथे लोक हसतील. हसू देत, घाबरू नकोस. फक्त आजीकडे एकदा बघ आणि मगच पुढे जा. जन्म, शिक्षण, कुठली शाळा हा परिच्छेद काढला. उभी असलेली निम्मी माणसं त्यांच्याच वर्गातली आहेत.)

१० डिसेंबर १९६७ च्या रात्री तात्या मुक्कामाच्या गाडीवर होते, कोयनानगरच्या अलीकडे. ते आणि ड्रायव्हर गाडीतच झोपले होते. तात्या तेव्हा पंचवीस वर्षांचे, नोकरीला दीड वर्षही झालं नव्हतं. पहाटे साडेचारच्या आत गाडी हलायला लागली. तात्यांना झोपेत वाटलं, ड्रायव्हरने न सांगता गाडी काढली. त्यांनी पडल्यापडल्या ओरडून विचारलं, 'घंटी कुणी दिली?' ड्रायव्हर मागच्या सीटवरच होता.

पुढचं तात्या कधी सांगायचे नाहीत. मी लहानपणी खोदून खोदून विचारायचो. ते एवढंच म्हणायचे, 'अंधार होता. माणसं गाडीत घेतली. कराडला आणली.' किती माणसं, कोण, त्यातली किती जगली, काही नाही. मात्र वेबिलाची गोष्ट ते सांगायचे. सकाळी डेपोत हिशेब द्यायचा तर गाडी भरून आलेली आणि एक तिकीट फाटलेलं नाही. नवीन पोरगा, नोकरी जाते की काय ही भीती. त्यांनी वेबिलावर तिकिटांच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'भूकंप', आणि खाली सही केली. साहेबांनी ते बघितलं आणि काही न बोलता ठेवून घेतलं.

(तू लिहिलं होतंस, 'शेकडो लोकांचे प्राण वाचवणारा देवदूत.' काढलं. एका गाडीत शेकडो माणसं बसत नाहीत, आणि तिथे एस.टी.तली चार रिटायर माणसं नक्की असणार. तात्यांनी आकडा कधी सांगितला नाही, तर आपणही सांगायचा नाही. 'भूकंप' म्हटल्यावर एक श्वास थांब. हा तुझ्या भाषणाचा सगळ्यात भारी शब्द आहे, त्याच्यावर विशेषणं रचू नकोस.)

तात्या प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. पप्पांना आणि आत्याला त्यांचा धाक होता, आणि आम्हा नातवंडांना जवळ घेणं वगैरे त्यांना जमलं नाही. आम्ही परत निघालो की स्टँडवर येऊन खिडकीतून एकच विचारायचे, 'सुट्टे आहेत का?' आणि उत्तराची वाट न बघता हातात नाणी द्यायचे.

(हे ठेवायचंच. पप्पांना विचारून घे असं तू म्हणालास, मी मामांना रात्रीच वाचून दाखवलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, 'नाणी गरम असायची. किती वेळ मुठीत धरलेली असायची कुणास ठाऊक.' हवं तर हे वाक्य घाल, पण मामांचं नाव घेऊन घाल. दवाखान्यातले शेवटचे आठ दिवस पूर्ण काढलेत. नळ्या आणि ऑक्सिजन आजीने पाहिलंय, तिला परत ऐकवू नकोस. बिलावरून झालेला वाद तर नाहीच नाही.)

पप्पा काल म्हणाले, ती नाणी गरम असायची. किती वेळ मुठीत धरलेली असायची कुणास ठाऊक.

परवा रात्री आजीने त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एक छोटी वही होती. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळजण उतरताना मागायला विसरतात. तात्या त्यांची नोंद ठेवायचे. नावं माहीत नसायची, म्हणून ओळख लिहायची. 'पांढरी टोपी, चष्म्याला दोरा, मल्हारपेठ, ३५ पैसे.' 'कॉलेजचा पोरगा, निळी सायकल टपावर, पाटण, १ रुपया.' माणूस पुन्हा गाडीत दिसला की पैसे परत, आणि नोंदीवर आडवी रेघ. सगळी वही अशी रेघांनी भरलेली आहे. आजी म्हणाली, 'मला वाटायचं रात्री बसून देवाचं नाव लिहितात.'

एकाच नोंदीवर रेघ नाही. 'म्हातारी, दोन कोंबड्या, नवारस्ता, ४० पैसे.' वर तारीख १९७४ ची आहे.

(तुझा शेवट होता, 'तात्या, डबल बेल, सुखाने जा', आणि पुढे दोनदा टाळी वाजवायची. बाळ्या, वाचताना मला रडू आलं, तरीही काढलं. नदीवर तू टाळ्या वाजवल्यास तर मागची पोरंही वाजवतील. नुसत्या वहीवर थांब. वही हातात ठेव, पण उंच करून दाखवू नकोस.)

ती आजी आता नसेल. पण इथे नवारस्त्याहून आलेलं कुणी असेल आणि घरात अशी कोंबड्या घेऊन एस.टी.ने फिरणारी आजी होऊन गेली असेल, तर जाताना आमच्या आजीला भेटून जा. चाळीस पैसे द्यायचे राहिलेत.

(आभार आणि दोन मिनिटं स्तब्धता मामा सांगतील, तू बाजूला हो. कागद मोठ्या अक्षरात काढून आण, मोबाइलवरून वाचू नकोस, उन्हात स्क्रीन दिसत नाही. आणि 'वेबिल' म्हणताना काल दोनदा अडखळलास, सकाळी आंघोळीच्या आधी एकदा म्हणून बघ.)