विषय: भाजीची साप्ताहिक ऑर्डर, १९ ते २३ जानेवारी २०२६, रोज ४०० जणांचं जेवण

नमस्कार दादा,

पुढच्या आठवड्याची ऑर्डर पाठवते आहे. सोमवार ते शुक्रवार, रोज ४०० ताटं, म्हणजे पाच दिवसांची २००० ताटं. एकूण माल ५५४ किलो. यादी खाली आहे, पण या वेळी ती नेहमीपेक्षा वेगळ्या हिशोबाने केली आहे. त्यामुळे आधी चार ओळी वाचा आणि मग यादीकडे वळा.

गेल्या बुधवारी फ्लॉवर ४४ किलो आला. काट्यावर बरोबर ४४ भरला, चलनावर मीच सही केली. पण गड्ड्यांना बाहेरचा पाला तसाच होता आणि देठ हातभर लांब. आमच्या मावशींनी पाला काढला, देठ कापले, तुरे सुटे केले आणि पातेलं काट्यावर ठेवलं तर २३ किलो. आम्हाला हवे होते ३० किलो. बटाटा वाढवून भागवायचा प्रयत्न केला, तरी शेवटच्या सत्तरेक जणांच्या ताटात भाजी नावालाच पडली. ही माणसं दुपारी सव्वादोनला जेवायला येतात, कारण त्यांचं काम मध्येच सोडून उठता येत नाही. सगळ्यात उशिरा येणाऱ्यालाच सगळ्यात कमी मिळालं, हे मला फार लागलं. तुम्ही वजनात फसवलंत असं मी म्हणत नाही. वजन पूर्णच होतं. आपण दोघेही चुकीचं वजन मोजत होतो.

गेला महिनाभर मी प्रत्येक भाजी निवडण्याआधी आणि निवडल्यावर तोलून वहीत लिहिली आहे. आमच्याकडे एका ताटाला साफ केलेली ११० ग्रॅम मुख्य भाजी धरतो, म्हणजे रोज ४४ किलो चिरलेली भाजी कढईत पडली पाहिजे. बटाट्याची सालं गेल्यावर शंभरातले साधारण ८५ हाती लागतात, गाजराचंही तसंच. कोबीत बाहेरची पानं आणि मधला दांडा धरून १५ टक्के जातात. लाल भोपळ्यात साल आणि बिया मिळून पाव भाग जातो. मटारच्या शेंगा सोलल्या की निम्म्याहून कमी उरतं, २२ किलो शेंगांतून दाणे ९ किलो. पुढची सगळी वजनं हे धरूनच काढली आहेत, तेव्हा दोन-चार किलो इकडेतिकडे झाले तर चालेल असं गृहीत धरू नका. बटाट्यात चालेल, फ्लॉवरमध्ये नाही.

सोमवारी पहाटे यायचा माल, एकूण २८९ किलो:
बटाटा ७२ (आठवड्याचा सगळा), कांदा ७० (आठवड्याचा सगळा), कोबी ५२, टोमॅटो २४, मटार शेंगा २२, गाजर १९, काकडी १८, लसूण ४, आलं ३, हिरवी मिरची ३, कोथिंबीर २.

बुधवारी, एकूण १८९ किलो:
लाल भोपळा ६०, फ्लॉवर ४४, टोमॅटो ४२, पालक २२, गाजर १०, काकडी ९, कोथिंबीर २.

शुक्रवारी, एकूण ७६ किलो:
काकडी १८, गाजर १६, मटार शेंगा १५, फरसबी १४, टोमॅटो १२, कोथिंबीर १.

फ्लॉवरचे ४४ किलो हे बाहेरचा पाला काढून आणि देठ गड्ड्याच्या बुडाशी कापून मोजलेले हवेत. आतली दोन-चार कोवळी पानं राहिली तर हरकत नाही, ती गड्डा सांभाळतात. पाल्यासकट द्यायचा असेल तर ५५ किलो पाठवा, पण मग बिल ४४ चंच धरू. यातलं तुम्हाला कोणतं सोपं पडतं ते कळवा. माझ्या मते पाला तुमच्याकडेच निघालेला बरा, गाडीत जागाही वाचेल आणि सकाळी आमच्या मावशींचा पाऊण तासही.

पालकाचंही सांगायचं राहिलं होतं. मागच्या खेपेला जुड्या पाण्याने निथळत होत्या. क्रेट उचललं तर खालून धार लागली. पालक ताजा दिसावा म्हणून पाणी मारतात हे मला माहीत आहे, पण त्यामुळे पाण्याचं वजन आमच्या खाती पडतं आणि मधली पानं दुपारपर्यंत काळी पडून चिकट होतात. मी एक जुडी सोडून पाहिली, बाहेरून हिरवीगार आणि आत बोटाला लागेल असा गाळ. हा पालक बुधवारच्या सूपसाठी आहे, त्याच दिवशी वापरायचा आहे, तेव्हा कोरडा आणला तरी सुकणार नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, वरून पाणी मारू नका. कोथिंबिरीलाही हेच लागू.

टोमॅटो बुधवारी दोन दिवसांचा येतो. सगळा पिकलेला दिलात तर गुरुवारी तळचा थर फुटलेला असतो. निम्मा लाल आणि निम्मा जरा कच्चट, गुलाबीकडे झुकलेला असा वेगवेगळ्या क्रेटमध्ये द्या. क्रेट काठोकाठ भरू नका, वरच्या क्रेटच्या भाराने खालचा माल चेपतो.

बटाटा मध्यम, साधारण एका किलोत आठ ते दहा. फार बारीक आला तर सालातच जास्त जातो आणि सोलणाऱ्यांचे हात दुखतात. हिरवट झालेला किंवा मोड आलेला बटाटा मी घेणार नाही, तो खाण्याला चांगला नाही आणि कडवट लागतो. धुतलेला बटाटा नको, माती असली तरी चालेल, आठवडाभर ठेवायचा आहे. कांदा कोरड्या पातीचा, मान घट्ट मिटलेली. बटाटा आणि कांदा एका गोणीत किंवा एकमेकांवर रचून आणू नका, आमच्याकडेही दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतो.

कोबीचे गड्डे एक ते दीड किलोचे, हातात घेतल्यावर जड वाटणारे. काकडी कडू निघाली तर पूर्ण तसराळं फेकावं लागतं, म्हणून आमचे मुख्य आचारी दर क्रेटमधल्या दोन काकड्यांचं टोक कापून चाखतात. दोन्ही कडू लागल्या तर ते क्रेट परत जाईल. ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवा, मागे एकदा त्यांना ते अपमानाचं वाटलं होतं. फरसबी वाकवली की टचकन मोडणारी हवी, जून शेंग ४०० जणांसाठी शिजवायची म्हटलं तर गॅसही जातो आणि दोरेही राहतात.

एखादी भाजी मिळाली नाही तर आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत फोन करा. पहाटे गाडीतून दुसरंच काही उतरलं की आचाऱ्यांची सगळी घडी विस्कटते. बदली आत्ताच ठरवून ठेवू. फ्लॉवर नसेल तर फरसबी ३४ किलो. लाल भोपळा नसेल तर दुधी ५५ किलो. मटारच्या शेंगा चांगल्या नसतील तर सोललेला गोठवलेला मटार सोमवारी ९ आणि शुक्रवारी ६ किलो, त्यात घट नाही. कोबीला बदली मी दिलेली नाही, तो मिळण्यातच अडचण असेल तर शनिवारीच सांगा, मी मंगळवारचा बेत बदलीन.

गाडी सकाळी सव्वासहा ते पावणेसातच्या मध्ये मागच्या दाराला लागावी. सात वाजता निवडायला आणि चिरायला सुरुवात होते, साडेबाराला पहिलं ताट वाढलं जातं. त्यामुळे साडेसातला आलेली गाडी माझ्यासाठी उशिरा आलेलीच असते, रस्त्यात कितीही खरी अडचण असली तरी. उशीर होणार असं दिसलं की निघतानाच कळवलंत तर आम्ही कांदा-बटाट्यापासून सुरुवात करू.

तोल आमच्या काट्यावर, तुमच्या माणसासमोर. रिकाम्या क्रेटचं वजन दर वेळी वजा करू. तुमची निळी क्रेट दोन किलोची भरतात आणि काळी त्याहून जड आहेत, म्हणून दोन्ही रंगांची एकेक आधी तोलून घेऊ. खराब माल त्याच वेळी बाजूला काढून चलनावर त्याचं वजन लिहू आणि दोघं सही करू. ड्रायव्हर निघून गेल्यावर सापडलेल्या नासक्या मालाचा फोटो मी नऊच्या आत पाठवीन. नऊनंतर पाठवला तर ती जबाबदारी माझी. बिल आठवड्याचं एकच करा, शुक्रवारी तिन्ही चलनं जोडून. सोमवारी आमच्या अकाउंट्सकडे पोचलं की नेहमीप्रमाणे पंधरा दिवसांत पैसे जमा होतील. दर आपल्या ठरलेल्या पत्रकाप्रमाणेच.

एक चांगली गोष्टही कळवायची आहे. मागच्या सोमवारचं गाजर सुरेख होतं. किसताना मधला दांडा पिवळा निघाला नाही, आणि कधी नव्हे ते सॅलडचं पातेलं दीड वाजताच रिकामं झालं. ते जिथून आणलंत तिथलंच मिळत असेल तर या आठवड्याचे ४५ किलो तिथूनच घ्या.

या यादीला शनिवारी दुपारी चारपर्यंत उत्तर द्या. फ्लॉवर पाला काढून की पाल्यासकट, आणि कोबी नक्की आहे ना, एवढ्या दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहा. बाकी काही अडलं तर कॅन्टीनच्या फोनवर सकाळी दहा ते अकरा मी असते, त्यानंतर वाढपाची गडबड सुरू होते.

आपली,
व्यवस्थापक, कर्मचारी कॅन्टीन